फोटोतल्या बँक स्टेटमेंटमधील गहाळ पान आणि कापलेला तळ कसा ओळखावा

प्रश्न: "अशील बँक स्टेटमेंटचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवतात. कधी मधलेच एखादे पान नसते, कधी फोटोत खालच्या ओळी कापल्या गेलेल्या असतात. हे मला सगळ्या नोंदी टाकून झाल्यावर, शिल्लक जुळेना की मग कळते. नोंदी टाकायला बसण्याआधीच हे ओळखायची खात्रीची रीत कोणती?"

कापलेला फोटो अपुरा दिसत नाही, हीच यातली मुख्य अडचण आहे. तळ बहुतेक वेळा दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत कापला जातो. त्यामुळे शेवटची दिसणारी ओळ धडधाकट असते, तारीख, तपशील, रक्कम, शिल्लक सगळे जागेवर असते आणि पान तिथेच संपले असे डोळ्यांना वाटते. म्हणून फोटो बारकाईने न्याहाळण्यापेक्षा स्टेटमेंटमधले आकडेच एकमेकांना धरून आहेत का, हे पाहणे जास्त भरवशाचे असते. एकूण नोंदी टाकण्याच्या वेळेपुढे हे काम फारच थोड्या वेळात होते, कारण त्यासाठी प्रत्येक पानाची पहिली आणि शेवटची ओळ एवढीच वाचावी लागते.

मात्र तुम्हाला किती खात्री मिळेल, हे त्या स्टेटमेंटच्या छपाईवर अवलंबून आहे. तीन गोष्टी आधी पाहून घ्या. प्रत्येक ओळीपुढे चालू शिल्लक छापली आहे का? पान क्रमांकात एकूण पानांचा आकडा आहे का, म्हणजे नुसते "पान ३" आहे की "६ पैकी ३"? आणि कुठेतरी, बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या पानावर, नावे आणि जमा बाजूंच्या एकूण रकमा व व्यवहारांची संख्या देणारा गोषवारा आहे का? तिन्ही असतील तर गहाळ भाग कुठे आहे, एवढेच नव्हे तर त्यात काय असायला हवे, हेही सांगता येते. फक्त चालू शिल्लक असेल तर भगदाड कुठे आहे ते कळते, आत काय होते ते कळत नाही. तिन्ही नसतील तर कागदाच्या कडांवर विसंबावे लागते, आणि तो आधार लंगडा असतो.

पान क्रमांकापासून सुरुवात करायला हरकत नाही, पण त्यावर थांबू नये. फोटो ज्या क्रमाने आले तो क्रम सोडून द्या, कारण संदेशातून एकदम पाठवलेले फोटो पुष्कळदा उलटसुलट होऊन पोहोचतात. छापील क्रमांक पाहून ते लावा. इथे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. पुष्कळ स्टेटमेंटांत पान क्रमांक तळाला असतो. म्हणजे ज्या फोटोचा तळ कापला गेला आहे, नेमका त्याच फोटोचा क्रमांक नाहीसा झालेला असतो. तेव्हा क्रमांक नसलेला फोटो आढळला की "क्रमांक छापायचा राहिला असेल" असे मनाशी म्हणून पुढे जाऊ नका. बाकी पानांवर क्रमांक आहे आणि या एकावर नाही, ही तळ कापल्याची पहिली खूण आहे. याउलट क्रमांक माथ्यावर छापलेला असेल तर सगळे क्रमांक ओळीने मिळूनही तळ कापलेला असू शकतो. क्रमांकाची मालिका अखंड आहे म्हणून ओळींची मालिकाही अखंड आहे, असा अर्थ कधीच काढू नये.

क्रमांकांच्या बाबतीत दोन साधे घोळ नेहमी होतात. १, ३, ५ असे विषमच क्रमांक आले असतील तर छपाई कागदाच्या दोन्ही बाजूंना आहे आणि फोटो फक्त वरच्या बाजूचे काढले आहेत, हे जवळजवळ निश्चित समजावे. दुसरा घोळ उलट्या दिशेचा आहे. काही स्टेटमेंटांत नियम-अटींचे पानही क्रमांकात धरलेले असते, त्यामुळे "७ पैकी ७" हे पान आले नाही तरी नोंदी पूर्ण असतात. गहाळ क्रमांक म्हणजे गहाळ नोंदी असे लगेच मानू नये. तो निवाडा शिल्लक करते.

आता मूळ रीत. दोन पाने जिथे मिळतात त्या जागेला मी सांधा म्हणतो. बऱ्याच स्टेटमेंटांत पानाच्या तळाशी "पुढे नेले" आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर "मागील पानावरून" अशा अर्थाची ओळ असते आणि दोन्हीकडे एकच आकडा असतो. तळ कापला गेला की "पुढे नेले" ही ओळ जाते, पण तिची प्रत पुढच्या पानाच्या माथ्यावर शाबूत असते. म्हणून फोटोतल्या शेवटच्या दिसणाऱ्या ओळीची शिल्लक घ्यायची आणि ती पुढच्या पानाच्या माथ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहायची. दोन्ही सारखे असले तर सांधा जुळला. फरक असला तर मधल्या काही ओळी तुमच्यापर्यंत पोहोचलेल्या नाहीत. माथ्यावर अशी ओळ छापलेली नसेल तरी काही बिघडत नाही. पुढच्या पानाच्या पहिल्या नोंदीवरून मागे जाता येते: तिच्या शिलकेत नावे रक्कम मिळवा किंवा जमा रक्कम वजा करा, म्हणजे त्या नोंदीच्या आधीची शिल्लक निघते. तीच मागच्या पानाच्या शेवटी दिसायला हवी.

स्टेटमेंट नव्याकडून जुन्याकडे छापलेले असेल, म्हणजे सर्वांत अलीकडची तारीख वर असेल, तर हाच हिशेब उलटा करावा लागतो. तिथे वरच्या ओळीच्या आधीची शिल्लक तिच्या खालच्या ओळीत असते. हे न ओळखता ताडायला बसले तर प्रत्येक सांधा चुकलेला दिसतो. सगळेच सांधे चुकत असतील तर पाने गहाळ असण्यापेक्षा दिशा उलटी असण्याची शक्यता जास्त, हे आधी तपासावे.

एक उदाहरण आकड्यांसकट घेतो. एका महिन्याच्या स्टेटमेंटचे पाच फोटो आले आहेत. क्रमांक तळाला आहेत आणि ते असे दिसतात: ६ पैकी १, ६ पैकी २, तिसऱ्या फोटोवर काहीच नाही, मग ६ पैकी ५ आणि ६ पैकी ६. पाने सहा आणि फोटो पाच, म्हणजे एक पान आलेले नाही, इतके उघड आहे. पण तिसरा फोटो पान ३ चा की पान ४ चा, हे क्रमांकावरून ठरत नाही. पान २ ची शेवटची शिल्लक ६१,४३०.५० आहे आणि तिसऱ्या फोटोच्या माथ्यावर "मागील पानावरून ६१,४३०.५०" असे आहे. सांधा जुळला, म्हणजे हे पान ३ आहे आणि गहाळ आहे ते पान ४. त्याच फोटोत शेवटची दिसणारी नोंद १४ तारखेची असून शिल्लक ३७,९१५.०० आहे. पान ५ च्या माथ्यावर ३७,३४०.०० आहे आणि पहिली नोंद १९ तारखेची आहे. फरक फक्त ५७५.०० चा.

हा आकडा फसवा आहे. इतका लहान फरक पाहून एखादी किरकोळ नोंद राहिली असेल असे वाटते, आणि पुष्कळ जण "किरकोळ खर्च ५७५" अशी नोंद घालून मोकळे होतात. सांध्यावरचा फरक हा गहाळ जमा आणि गहाळ नावे यांची वजाबाकी असतो, त्यांची बेरीज नव्हे. मोठ्या रकमा दोन्ही बाजूंना असल्या तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतो तो क्षुल्लक आकडा. म्हणून सांधा चुकला की त्यातून "इथे काहीतरी गेले आहे" एवढेच घ्यावे. किती गेले हे फरकावरून ठरवू नये.

किती गेले ते गोषवारा सांगतो. या स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक ४८,२५०.००, एकूण जमा ९१,२००.०० (९ व्यवहार), एकूण नावे १,०३,४७५.०० (११८ व्यवहार) आणि अखेरची शिल्लक ३५,९७५.०० दिलेली आहे. आलेल्या पाच फोटोंतली जमेची बेरीज ७२,७००.०० भरते आणि त्या ७ नोंदी आहेत. नाव्याची बेरीज ८४,४००.०० भरते आणि त्या ९२ नोंदी आहेत. म्हणजे गहाळ जमा १८,५००.००, नोंदी २, आणि गहाळ नावे १९,०७५.००, नोंदी २६. दोहोंतला फरक बरोबर ५७५.००. सांध्यावर सापडलेला फरक आणि संपूर्ण महिन्याचा फरक सारखाच निघाला, यावरून एक उपयोगी गोष्ट कळते: शिलकेला धक्का देणारे भगदाड या एकाच सांध्यावर आहे. आणि त्या ५७५ च्या आड अठ्ठावीस नोंदी दडलेल्या आहेत.

आता एवढ्यावर "पान ४ पाठवा" असा निरोप दिला तर काम निम्मेच होईल. अठ्ठावीस नोंदी एका पानात बसतात का, हे पाहायला हवे. या स्टेटमेंटच्या भरलेल्या पानावर छपाईच्या ३८ ओळी असतात. तपशील लांब असला तर एक नोंद दोन ओळी खाते, म्हणून नोंदींची संख्या पानागणिक थोडी बदलते: पान २ वर २४ नोंदी आहेत, पान ५ वर २५. दोन्हींवर ओळी मात्र ३८ च. पान ३ च्या फोटोत १९ नोंदी दिसतात आणि ओळी मोजल्या तर ३० भरतात. म्हणजे तळाच्या आठ ओळी फोटोत आलेल्याच नाहीत. आठ ओळींत चार ते सहा नोंदी मावतात. अठ्ठावीसमधून त्या वजा केल्या की बावीस ते चोवीस उरतात, जे एका भरलेल्या पानाच्या जवळपास आहे. त्यामुळे निरोप असा द्यायचा: पान ४ पूर्ण हवे, आणि पान ३ चा फोटो तळाच्या कडेसह पुन्हा हवा.

समजा अशिलाने आधी फक्त पान ४ पाठवले. त्याच्या माथ्यावर ३६,४६०.०० आहे आणि शेवटी ३७,३४०.००, म्हणजे पान ५ शी सांधा जुळला. त्यावर नाव्याच्या २२ नोंदी आहेत, बेरीज १५,१२०.००, आणि जमेची एक नोंद १६,०००.०० ची. गोषवाऱ्यातून निघालेल्या गहाळ रकमांतून हे वजा केले की पान ३ च्या तळाशी काय असले पाहिजे ते फोटो येण्याआधीच ठरते: नाव्याच्या ४ नोंदी, मिळून ३,९५५.००, आणि जमेची एक नोंद २,५००.०० ची. पडताळा घ्या: ३७,९१५.०० मधून ३,९५५.०० गेले, २,५००.०० आले, राहिले ३६,४६०.००. हाच पान ४ च्या माथ्यावरचा आकडा. नवा फोटो आल्यावर त्यात १,२००, ४५५, १,८०० आणि ५०० या नावे नोंदी आणि २,५०० ची जमा दिसली की काम पुरे झाले. पुन्हा काढलेल्या फोटोतही तळ कापला गेला असता तर हे आकडे जुळले नसते आणि तुम्हाला तिथल्या तिथे कळले असते.

ओळी मोजताना एक काळजी घ्यावी. "मागील पानावरून" ही ओळ नोंद नाही. ती व्यवहारांच्या संख्येत धरायची नाही आणि तिची रक्कम जमेच्या बेरजेत घ्यायची नाही. हे सांगायला क्षुल्लक वाटते, पण फोटोवरून आकडे आपोआप उचलणाऱ्या साधनांनी काढलेल्या तक्त्यांत ही ओळ हमखास जमेच्या रकान्यात जाऊन बसलेली दिसते, आणि मग जमेची बेरीज गोषवाऱ्यापेक्षा जास्त भरते. बेरीज कमी भरली तर काहीतरी गहाळ आहे, जास्त भरली तर काहीतरी दोनदा घेतले आहे, हा भेद मनात ठेवावा.

पान क्रमांक आणि सांधे पाहून झाल्यावर नोंदी तक्त्यात टाकताना ओळ-दर-ओळ पडताळणी आपोआप होऊ द्यावी. नावे C रकान्यात, जमा D मध्ये आणि छापील शिल्लक E मध्ये असेल, तर तिसऱ्या ओळीपुढे हे सूत्र लिहून खाली ओढावे:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

सूत्र शून्य देते तोवर साखळी अखंड आहे. शून्य नसलेला आकडा आला की तो आकडाच पुष्कळ काही सांगतो. ओळीने दोन ठिकाणी सारखाच फरक आला, एक उणे आणि एक अधिक, तर नोंद गहाळ नाही. पहिल्या ओळीची शिल्लक वाचताना किंवा टाकताना चूक झाली आहे, म्हणून ती ओळ एका बाजूला आणि तिच्यानंतरची ओळ दुसऱ्या बाजूला चुकलेली दिसते. फरक त्याच ओळीतल्या रकमेच्या बरोबर दुप्पट असेल तर रक्कम चुकीच्या बाजूला, म्हणजे नाव्याऐवजी जमेत किंवा उलट, पडली आहे. फरकाला ९ ने भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट टाकले गेल्याचा संशय घ्यावा, जसे ५४० चे ४५०. मात्र ९ ने भाग जाणे हा पुरावा नव्हे, योगायोगानेही तसे होते. या तिन्हींत न बसणारा एकटाच फरक राहिला तर तो कुठे आहे ते पाहावे. पानाच्या मध्यावर असेल तर रक्कम चुकीची वाचली गेली असेल किंवा टाकताना एखादी ओळ सुटली असेल, आणि ती फोटोतच सापडेल. दोन फोटोंच्या सांध्यावर असेल तर मात्र ती ओळ तुमच्याकडे नाहीच, आणि शोधत बसण्यात अर्थ नाही.

सांध्यावरच्या शेवटच्या ओळीबद्दल एक सूक्ष्म मुद्दा आहे. तळ ओळीच्या मधूनच कापला गेला तर अंकांचा खालचा भाग जातो, आणि ८ चा ९ किंवा ६ चा ० वाटू शकतो. अशा वेळी सांध्यावर फरक दिसतो, पण त्याच्या आदल्या ओळीवरही तितकाच उलट फरक असतो. वर सांगितलेली जोडी इथेही लागू पडते, तेव्हा पाने मागवण्याआधी आदली ओळ जरूर पाहावी. तसेच शेवटच्या नोंदीचा तपशील दोन ओळींचा असून दुसरी ओळ कापली गेली असेल, तर रक्कम आणि शिल्लक पहिल्या ओळीत छापलेली असल्याने आकडे पूर्ण जुळतात आणि फक्त तपशील अर्धा राहतो. हिशेबाच्या दृष्टीने ते चालते. पण ती रक्कम कोणाला दिली ते त्या अर्ध्या ओळीतच असेल तर फोटो पुन्हा मागवावाच लागतो.

काही अशील एकाच पानाचे वरचा भाग आणि खालचा भाग असे दोन फोटो काढतात. तिथे मधल्या काही ओळी दोन्ही फोटोंत येतात. हे चांगलेच आहे, कारण त्यामुळे मध्ये काही सुटले नाही याची खात्री मिळते. प्रश्न उरतो तो एकच नोंद दोनदा न घेण्याचा. एकाच तारखेला, एकाच नावाने, २०० ची दोन खरीखुरी देणी असू शकतात, म्हणून तारीख-तपशील-रक्कम सारखी आहे एवढ्यावरून ओळ पुसू नये. शेजारची शिल्लक पाहावी. दोन ओळींची शिल्लकही तीच असेल तर ती एकच ओळ दोनदा आली आहे. शिल्लक २०० ने उतरली असेल तर देणी दोन आहेत.

आता या रीतीची मर्यादा. गहाळ ओळींची निव्वळ बेरीज शून्य असेल तर सांधा बिनचूक जुळतो. हे वाटते तितके दुर्मीळ नाही. चेक जमा होतो आणि न वटता परत जातो, शुल्क आकारले जाते आणि परत मिळते, पैसे पाठवण्याचा व्यवहार फसतो आणि तीच रक्कम उलट जमा होते. अशा दोन्ही नोंदी पुष्कळदा लागोपाठच्या ओळींत असतात, आणि कापलेल्या तळात नेमक्या त्या दोनच गेल्या तर चालू शिल्लक काहीच बोलत नाही. तिथे गोषवारा कामी येतो, कारण त्यात नावे आणि जमा वेगवेगळे मोजलेले असतात आणि दोन्ही बाजू सारख्याच रकमेने कमी भरतात. काही स्टेटमेंटांत "पुढे नेले" या ओळीत नुसती शिल्लक नसून नावे आणि जमा या दोन्ही रकान्यांच्या तोवरच्या बेरजा असतात. तसे असेल तर गोषवाऱ्याशिवायही हे भगदाड त्याच सांध्यावर पकडता येते. अशा बेरजा छापलेल्या असतील तर शिलकेऐवजी त्याच ताडून पाहाव्यात, असे माझे मत आहे. फक्त त्या बेरजा आरंभापासूनच्या आहेत की त्या एकाच पानाच्या, हे पान २ वर तपासून घ्यावे.

गोषवारा नाही आणि रकान्यांच्या बेरजाही नाहीत, तर उरतात छपाईच्या ओळी आणि कागद. भरलेल्या पानांवर ओळींची संख्या सारखी आहे का, तक्त्याची खालची आडवी रेघ प्रत्येक फोटोत दिसते का, तिच्याखाली कोरा समास आणि कागदाची कड दिसते का, हे पाहावे. इथे फोटो काढणाऱ्या अ‍ॅपबद्दल थोडे सावध राहावे लागते. कागदाची कड आपोआप ओळखून फोटो छाटणारी अ‍ॅप कधीकधी तक्त्यातली ठळक रेघ किंवा रंगीत पट्टा हीच कड समजतात आणि त्याखालचा भाग टाकून देतात. असा फोटो सरळ, उजळ, नीटनेटका असतो, त्यामुळे त्याच्यावर संशय येत नाही. वाकडातिकडा, टेबलासकट आलेला फोटो त्या मानाने प्रामाणिक असतो, कारण त्यात कागदाचे चारही कोपरे दिसतात. म्हणून पुन्हा फोटो मागवताना मी "स्पष्ट काढा" असे न सांगता "चारही कोपरे दिसतील असा, आपोआप छाटणी बंद ठेवून काढा" असे सांगतो. तळ कापलेला असणे म्हणजे कोणी काही लपवले, असे समजण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा दोष छाटणीचा असतो, आणि निरोपाचा सूरही तसाच असावा.

पहिले आणि शेवटचे पान यांना एकच सांधा असतो, त्यामुळे ती गेली तर सांधे तपासून कळत नाही. नुसते "पान ६" छापलेले असेल आणि सातवे पान आलेच नसेल, तर सहा पानांपर्यंत सगळे सांधे सुरेख जुळतील. तिथे अखेरच्या दिसणाऱ्या शिलकेची तुलना गोषवाऱ्यातल्या अखेरच्या शिलकेशी करावी. गोषवाराच शेवटच्या पानावर असेल तर तो न दिसणे हाच पुरावा. तोही प्रकार नसेल तर पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटची आरंभीची शिल्लक पाहावी, आणि पहिल्या पानासाठी मागच्या महिन्याची अखेरची. शेवटची नोंद २७ तारखेची आहे आणि स्टेटमेंट महिनाअखेरपर्यंतचे आहे, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. त्या खात्यात इतर महिन्यांतही असे कोरडे दिवस येतात का, यावर ते अवलंबून आहे.

तारखांतल्या खंडाकडेही असेच पाहावे. रोज चार व्यवहार असलेल्या खात्यात पाच दिवसांची पोकळी लगेच खटकते. महिन्यात सहा नोंदी असलेल्या खात्यात ती नेहमीचीच असते. तारीख ही संशयाची जागा दाखवते, निर्णय शिलकेवर सोडावा.

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटांत मात्र बहुधा चालू शिल्लक छापलेली नसते, त्यामुळे सांधा तपासायचा कोणताच आकडा हाती नसतो. तिथे सगळ्या पानांवरच्या खरेदीची बेरीज आणि भरण्यांची बेरीज वेगवेगळी करून पहिल्या पानावरच्या गोषवाऱ्याशी लावावी. व्याज आणि शुल्क यांचे आकडे गोषवाऱ्यात पुष्कळदा स्वतंत्र दाखवलेले असतात, ते खरेदीत मिसळू नयेत. फरक आला तर तो कोणत्या पानावरचा हे आकडे सांगणार नाहीत. मग कोणत्या फोटोत ओळी कमी भरतात, ते मोजून तो फोटो आधी मागवावा. एका कार्डावर दोन जणांचे खर्च असतील तर प्रत्येकाच्या नोंदींखाली पुष्कळदा वेगळी उपबेरीज छापलेली असते. ती सापडली की शोध निम्म्या पानांपुरता मर्यादित होतो.